तातडीचे: छातीच्या एक्स-रेबाबत, सीटी लवकर हवा

डॉक्टर, नमस्कार.

तुम्ही खोकल्यासाठी पाठवलेल्या 58 वर्षांच्या पेशंटचा एक्स-रे आत्ताच पाहिला. उजव्या फुफ्फुसाच्या वरच्या भागात, हंसळीच्या हाडाआड, सुमारे 2.8 सेंमीची गाठ दिसते. कडा गुळगुळीत नाहीत, बारीक काटे फुटल्यासारख्या आहेत. कॅल्शियम दिसत नाही. उजवा हायलमही किंचित भरलेला वाटतो. त्यांनी सोबत आणलेल्या दोन वर्षांपूर्वीच्या फिल्ममध्ये ही जागा स्वच्छ आहे, आणि मला त्याचीच जास्त काळजी वाटते.

कॅन्सरची शक्यता आधी तपासायला हवी. टीबी असू शकतो, थुंकीची तपासणी जरूर करा. पण अँटिबायोटिक किंवा टीबीची औषधे देऊन वाट पाहू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

छातीचा कॉन्ट्रास्ट सीटी दोन-तीन दिवसांत व्हावा. त्यात लिव्हर आणि अॅड्रिनलही घेऊ. मेटफॉर्मिन चालू आहे, म्हणून क्रिएटिनिन आजच पाठवा. बायोप्सीचे सीटीनंतर ठरवू.

पेशंटला मी फक्त 'आणखी एक तपासणी लागेल' एवढेच सांगितले आहे. बाकी तुम्ही समोर बसवून सांगावे. तुम्हाला फोन केला होता, लागला नाही; संध्याकाळी पुन्हा करतो. उद्या सकाळी नऊचा स्लॉट त्यांच्यासाठी राखून ठेवला आहे.

आपला,
रेडिओलॉजिस्ट