बुलव्हिप इफेक्ट : स्लाइड ६ ते १४, साबणाच्या पेट्यांसकट

मंडळी,

गुरुवारच्या तासाआधी स्लाइड ६ ते १४ वाचून यायच्या आहेत. स्लाइडवर आलेख आहेत, आकडे नाहीत. नुसता आलेख बघून मान डोलावणं सोपं असतं, म्हणून हे टिपण. कागद-पेन्सिल घेऊन बसा. बेरीज-वजाबाकीपलीकडे काही नाही.

स्लाइड ६ : तीन रेघांचं चित्र

खालची रेघ गिऱ्हाईक दुकानातून काय उचलतं त्याची. ती जवळजवळ सपाट आहे. मधली रेघ दुकानदाराने वितरकाकडे दिलेल्या ऑर्डरींची, ती थोडी वरखाली होते. वरची वितरकाने कारखान्याला दिलेल्या ऑर्डरींची, आणि ती पार उसळते. मागणीतला छोटासा हलकावा साखळीत वर जाताना मोठा होत जातो, एवढंच चित्र सांगतं. यालाच बुलव्हिप म्हणजे आसुडाचा इफेक्ट म्हणतात. एमआयटीच्या जे फॉरेस्टर यांनी १९६१ मध्ये हे सविस्तर मांडलं. दुकानदार, वितरक, कारखाना बनून एकमेकांना ऑर्डरी द्यायचा 'बिअर गेम' वर्गात खेळणार आहोत, तोही एमआयटीचाच.

परीक्षेत बरेच जण लिहितात, "प्रत्येक जण चुकीचा अंदाज बांधतो म्हणून असं होतं." अर्धेच मार्क मिळतील. खालच्या उदाहरणात कुणीही मूर्खपणा करत नाही. प्रत्येक जण आपापल्या जागी शहाण्यासारखा वागतो, आणि तरीही कारखान्याचं वेळापत्रक कोलमडतं. ते का, हेच समजून घ्यायचं आहे.

स्लाइड ७ आणि ८ : आपली छोटी साखळी

सिन्नरमधलं एक किराणा दुकान, नाशिकचा वितरक आणि अंबड एमआयडीसीतला धुण्याच्या साबणाचा कारखाना. तिन्ही काल्पनिक. सोयीसाठी एकच दुकान, एकच वितरक, एकच माल धरू. आठवड्याला ४० पेट्या खपतात आणि वर्षभर तेच चाललंय.

नियम तिघांचा एकच : हाताशी दोन आठवड्यांच्या मागणीएवढा माल हवा. म्हणजे प्रत्येकाकडे ८० पेट्या पडून आहेत. ऑर्डर दिली की पुढचा आठवडा उजाडायच्या आत माल मिळतो, उशीर अजिबात नाही. (असं खऱ्या जगात होत नाही. उशीर नसतानाही काय होतं ते दिसावं म्हणून मुद्दाम धरलंय.)

आता एका आठवड्यात खप ४० वरून ४४ होतो. शेजारी नवी सोसायटी झाली समजा. दहा टक्के वाढ, आणि ती टिकणारी आहे.

सेल्समन वही घेऊन येतो. दुकानदार मागे जाऊन पेट्या मोजतो. ८० होत्या, ४४ गेल्या, उरल्या ३६. मनात म्हणतो, "खप ४४ झालाय, तर दोन आठवड्यांचा माल म्हणजे ८८ पाहिजेत." ८८ वजा ३६, ऑर्डर ५२. यात चुकलं कुठे? कुठेच नाही.

वितरकाला मात्र ४४ दिसत नाहीत. त्याला दिसतात ५२. त्याच्या लेखी मागणी एकदम तीस टक्के वाढली. ८० मधून ५२ पाठवल्या, उरल्या २८. आता त्याला दोन आठवड्यांच्या हिशेबाने १०४ हव्यात. ऑर्डर ७६.

कारखान्याला दिसतात ७६. पाठवल्यावर उरल्या ४, आणि आता हव्यात १५२. उत्पादन १४८ पेट्या!

वाढीचे टक्के ओळीने मांडा : १०, ३०, ९०, २७०. दर पायरीला तिप्पट. हे तीन आले कुठून? एक वाटा खऱ्या मागणीचा, दोन वाटे दोन आठवड्यांचा साठा वाढवण्याचे. तीन आठवड्यांचा साठा ठेवायचा नियम असता तर दर पायरीला चौपट झालं असतं.

पुढच्या आठवड्यात खप ४४ च आहे, त्यामुळे दुकानदार निमूटपणे ४४ मागवतो. वितरकाला ५२ वरून ४४ दिसतात, म्हणजे मागणी घटली! त्याच्याकडे १०४ होत्या, ४४ गेल्या, ६० उरल्या, ८८ हव्यात. ऑर्डर फक्त २८. कारखान्याकडे १५२ होत्या, २८ गेल्या, १२४ उरल्या आणि आता त्याला हव्यात ५६. ६८ पेट्या जास्तीच्या, म्हणून यंत्रं बंद.

| आठवडा | गिऱ्हाइकाचा खप | दुकानाची ऑर्डर | वितरकाची ऑर्डर | कारखान्याचं उत्पादन |
|---|---|---|---|---|
| ० | ४० | ४० | ४० | ४० |
| १ | ४४ | ५२ | ७६ | १४८ |
| २ | ४४ | ४४ | २८ | ० |
| ३ | ४४ | ४४ | ४४ | ८ |
| ४ | ४४ | ४४ | ४४ | ४४ |

डावीकडचा रकाना बघा आणि उजवीकडचा बघा. एका आठवड्यात जादा पाळी लावून, ओव्हरटाइम देऊन १४८ पेट्या काढल्या. पुढच्या आठवड्यात कामगार हातावर हात ठेवून बसले, आणि त्यानंतर आठ पेट्यांसाठी यंत्र गरम करायचं. गिऱ्हाइकाने तर काहीच केलं नव्हतं, चार पेट्या जास्त नेल्या होत्या.

एक ताळा करून बघा. आठवडा १ ते ३ चं उत्पादन १४८ + ० + ८ = १५६. खप १३२, आणि तिन्ही ठिकाणी साठा ८-८ ने वाढला, ते २४. बेरीज १५६. म्हणजे एकूण माल अगदी योग्य तेवढाच बनला. बिघडली ती फक्त वेळ. बुलव्हिपचा खर्च असा वेळेत लपलेला असतो, म्हणून वर्षअखेरीच्या ताळेबंदात तो सहज सापडत नाही.

स्लाइड ९ : उशीर

आता माल यायला दोन आठवडे लागतात असं धरा. दुकानदाराने मागवलेला माल वाटेत आहे, पण फडताळ रिकामं दिसतंय. मग तो काय करतो? पुन्हा मागवतो. बिअर गेममध्ये नेमकं हेच होतं. जॉन स्टरमन यांनी १९८९ मध्ये या खेळातल्या निर्णयांचा अभ्यास मांडला. वाटेत असलेल्या मालाचा हिशेब लोक पुरेसा धरत नाहीत, हा त्यातला मुख्य निष्कर्ष. गुरुवारी खेळताना "आधी दिलेली ऑर्डर" हा रकाना झाकून ठेवू नका, एवढीच सूचना आत्ता देतो.

स्लाइड १० : सूत्र

`Var(q)/Var(D) ≥ 1 + 2L/p + 2L²/p²`

घाबरू नका. `Var` म्हणजे आकडा किती वरखाली होतो त्याचं माप, `D` गिऱ्हाइकाची मागणी, `q` पुढे दिलेली ऑर्डर, `L` माल यायला लागणारे आठवडे, आणि `p` म्हणजे अंदाज बांधताना मागच्या किती आठवड्यांची सरासरी घेता ते. `L` = २, `p` = ५ घातलं तर उत्तर २.१२. `p` दहा केला तर १.४८. `p` पाचच ठेवून `L` एकावर आणला तरी १.४८. सूत्रात सगळा खेळ `L/p` या गुणोत्तराचा आहे. पण `p` वाढवण्याची किंमत असते : खरोखर मागणी बदलली तरी तुम्हाला ते उशिरा कळतं. `L` कमी करण्यात तो तोटा नाही.

स्लाइड ११ आणि १२ : चार कारणं

हाउ ली, पद्मनाभन आणि वांग यांनी १९९७ मध्ये ही चार कारणं मांडली. पहिलं, ऑर्डरीलाच मागणी समजणं, ते आपण वर पाहिलं. उरलेली तीन आपल्याकडच्या बाजारात रोज दिसतात.

ऑर्डर गठ्ठ्याने देणं : टेम्पो अर्धा रिकामा पाठवणं परवडत नाही, म्हणून वितरक पंधरा दिवसांचं एकदम मागवतो. याला आपल्याकडे महिनाअखेरीची जोड आहे. कंपनीतून वितरकाकडे गेलेला माल म्हणजे प्रायमरी, वितरकाकडून दुकानात गेलेला सेकंडरी. विक्री अधिकाऱ्याचं टार्गेट बहुधा प्रायमरीवर असतं. २८ तारखेला तो वितरकाच्या गोडाऊनमध्ये माल ठोकतो, आणि पुढच्या महिन्याचे पहिले दहा दिवस ऑर्डरच येत नाही. कारखान्याला वाटतं बाजार थंडावला. बाजार तिथेच असतो. हा आसूड कंपनी स्वतःच्या हाताने मारून घेते, आणि माझ्या मते स्लाइडवरच्या चारही कारणांपेक्षा आपल्याकडे हेच जास्त नडतं.

स्कीम : दहा पेट्यांवर एक फुकट म्हटलं की दुकानदार दोन महिन्यांचा साबण भरून ठेवतो. लोक काही त्यामुळे दुप्पट कपडे धूत नाहीत.

तुटवड्यातली फुगवलेली मागणी : कंपनी ऑर्डरीच्या निम्माच माल देते हे कळलं की शंभर हवे असणारा दोनशे लिहितो. माल सुरळीत झाला की त्या ऑर्डरी हवेत विरतात. दुकानं अनेक असली की एकाची वाढ दुसऱ्याच्या घटीत जिरते हे खरं, पण स्कीम आणि तुटवडा सगळ्या दुकानांना एकाच दिशेने ढकलतात, तिथे ती सोय राहत नाही.

स्लाइड १३ : डायपर आणि पास्ता

प्रॉक्टर अँड गँबलच्या डायपरचं उदाहरण विषयाच्या प्रत्येक पुस्तकात असतं, कारण बाळांची गरज काही आठवड्यागणिक उसळत नाही. दुकानातला खप फारसा हलत नव्हता, वितरकांच्या ऑर्डरी मात्र हलत होत्या, आणि कंपनीने कच्च्या मालासाठी दिलेल्या ऑर्डरी त्याहून जास्त. इटलीतल्या बारिलाचा पास्ताही तसाच. तिथे उपाय ठरला, तो असा की वितरकाने ऑर्डर द्यायचीच नाही. त्याचा साठा आणि विक्री बघून किती पाठवायचं ते बारिला ठरवेल. वितरकांनी आधी विरोध केला. आपल्या गोडाऊनमध्ये काय ठेवायचं हे दुसऱ्याने ठरवावं, हे कुणाला आवडेल? केस वाचताना तो भाग गाळू नका, उपायाची खरी अडचण तिथे आहे.

स्लाइड १४ : खपाचा आकडा सगळ्यांना दिसला तर

आपल्याच साखळीत दुकानातला ४४ हा आकडा तिघांना त्याच दिवशी कळतो असं धरा. आता सगळ्यांना ८८ च हव्यात. दुकान मागवतं ५२. वितरकाकडे उरतात २८, तो मागवतो ६०. कारखान्याकडे उरतात २०, तो बनवतो ६८. पुढच्या आठवड्यापासून सगळीकडे ४४. उत्पादन ४०, १४८, ०, ८ ऐवजी ४०, ६८, ४४, ४४.

६८ तरी का? कारण तिघांनाही साठा वाढवावाच लागतो; ४४ अधिक तीन वेळा ८. माहिती वाटून घेतल्याने बुलव्हिप संपतो असं उत्तरपत्रिकेत लिहू नका, कमी होतो असं लिहा.

येताना एक तक्ता करून आणा : साठ्याचा नियम दोन आठवड्यांऐवजी एक आठवडा, बाकी सगळं तेच, खपाचा आकडा फक्त दुकानदाराला ठाऊक. सुरुवातीला प्रत्येकाकडे ४० पेट्या. माल कमी पडला तर साठा उणे मांडा आणि पुढच्या ऑर्डरीत ती तूट भरून काढा. आठवडा १ ते ३ च्या उत्पादनाची बेरीज १४४ आली तर गणित बरोबर. नाही आली तर वितरकाच्या दुसऱ्या आठवड्याच्या ऑर्डरीत गडबड आहे का, ते आधी तपासा.