पहिला पगार आणि कापलेले 2,000

अगं, पहिल्या पगाराचं अभिनंदन! 28,000 ठरले होते आणि खात्यात 26,000 आले म्हणून घाबरू नकोस, 1,800 पीएफचे गेलेत, म्हणजे तुझ्या 15,000 बेसिकचे 12 टक्के, आणि 200 प्रोफेशनल टॅक्स, तो गुजरातमध्ये सगळ्यांनाच 12,000 च्या वर लागतो, तो काही परत मिळत नाही. पीएफ मात्र तुझाच, व्याजासकट. कंपनीही वरून 1,800 भरते, पण पासबुकात त्यातले 550च पीएफमध्ये दिसतील कारण 1,250 पेन्शनला जातात, हे बघून सगळेच गडबडतात. ईएसआय, म्हणजे कामगारांच्या सरकारी आरोग्य विम्याची कपात, नाही, ग्रॉस 21,000 च्या वर आहे ना. यूएएन, म्हणजे तुझा पीएफचा कायमचा नंबर, अ‍ॅक्टिव्हेट कर आणि नॉमिनी आत्ताच भर गं, नंतर कोणी भरत नाही. काही अडलं तर अलकापुरीच्या ऑफिसात ये, चहा पिता पिता स्लिप बघू.