‘तांब्याची मैना’ : पात्ररेखाटनाच्या कामाचा तपशील आणि अटी

नाशिक, 2 नोव्हेंबर 2026

नमस्कार ताई,

फोनवर ठरलेले काम इथे कागदावर मांडत आहोत. वाचून पटले तर शेवटी लिहिल्याप्रमाणे दोन्हीकडून सह्या करू. काही खटकले तर 10 तारखेच्या आत सांगा. 8 ला लक्ष्मीपूजन आहे, त्यामुळे 7 ते 11 दरम्यान आमच्याकडून उत्तराची अपेक्षा ठेवू नका. तुमचा प्रश्न आला तर 12 ला पाहू.

काम कशासाठी आहे

9 ते 12 वर्षांच्या मुलांसाठी 32 पानांचे चित्रकथेचे पुस्तक. कथा जुन्या नाशकातल्या तांबट लेनमध्ये घडते. पाने तुम्ही काढणार नाही. ती दुसरे चित्रकार 4 जानेवारी 2027 पासून काढतील. म्हणजे तुमची चित्रे वाचकाआधी त्या चित्रकाराला वापरायची आहेत. चित्र नुसते देखणे असून चालणार नाही. ते पाहून दुसऱ्या माणसाला पात्र मागून, बसलेले, रडताना, हातोडी उगारलेले असे काढता आले पाहिजे. पुढच्या बहुतेक मागण्या यातूनच आल्या आहेत.

पात्रे

मैना, वय 11. उंची तिच्याच डोक्याच्या पाच पट. अंगाने काटक, मनगटे मात्र भरलेली. एकच वेणी, ती नेहमी डाव्या खांद्यावरून पुढे. उजव्या हातात मठारलेले तांब्याचे कडे. ढगळ पिवळा कुर्ता, बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या, खिशातून लाकडी मोगरीचा दांडा डोकावतो. डाव्या चपलेचा अंगठा तुटलेला आणि दोऱ्याने बांधलेला. रंग उन्हात वावरणाऱ्या पोरीचा. तो कोणत्याही टप्प्यावर उजळवायचा नाही, उत्सवाच्या चित्रातही नाही. हट्टी आहे, पण चेहऱ्यावर सतत मिस्कील हसू नको. विचार करताना ती खालचा ओठ आत घेते.

वेणी, कडे, चप्पल अशा एका बाजूच्या गोष्टी तीन आहेत, आणि चुका इथेच होतात. चूक तपासायला कॅनव्हास आडवा उलटवतो, तो परत सुलटवायचा राहतो आणि वेणी उजवीकडे जाते. किंवा डावीकडून पाहिलेले चित्र फिरवून उजवीकडचे म्हणून लावले जाते. कृपया दोन्ही बाजू वेगळ्या काढा आणि प्रत्येक चित्राखाली ‘तिची डावी’ किंवा ‘तिची उजवी’ असे लिहा. ‘डावी बाजू’ एवढेच लिहिले तर पाहणाऱ्याची की पात्राची, हे कळत नाही.

नाना, मैनाचे आजोबा, वय 68. आयुष्यभर भांडी मठारली, म्हणून उजवा हात डाव्यापेक्षा जाड आणि उजवा खांदा किंचित खाली. ठोक्यांच्या आवाजाने ऐकू कमी येते. ऐकताना डावा कान पुढे करून मान तिरकी धरतात, ही त्यांची ओळख. बंडी, पायजमा, काळ्या दोऱ्याने गळ्यात अडकवलेला चष्मा, गांधी टोपी. उंची सहा डोकी, कमरेत थोडे वाकलेले. ते बहुतेक पानांत जमिनीवर गोणपाटावर बसलेले आहेत, त्यामुळे उभ्या चित्रांपेक्षा बसलेली चित्रे महत्त्वाची. बसल्यावर डोके मैनाच्या छातीपर्यंत येते. हे प्रमाण चुकले तर प्रत्येक संवादात नजरेची दिशा चुकेल.

कल्हई, त्यांची मांजर. राखाडी-पांढरी, उजवा कान फाटलेला. माणसांसारखे हावभाव नकोत, भुवया तर नकोतच. मनातले शेपटीतून आणि कानांतून दिसू दे.

काय हवे, किती हवे

मैना: समोरून, पाऊण, दोन्ही बाजूंनी आणि मागून मिळून पाच उभी चित्रे, सहा हावभाव (रुसलेली, घाबरलेली, विचारात, हसताना, ओरडताना, थकलेली), मोगरी धरलेल्या हाताच्या तीन स्थिती, आणि रंगपंचमीचा दुसरा वेश, तोही फक्त समोरून. या प्रसंगात ती रहाडीत, म्हणजे रंगाच्या पाण्याच्या हौदात, उडी मारून बाहेर आलेली आहे. अंगावर गुलालाचे ठिपके नकोत. रहाडीत माणूस अख्खा बुडतो, म्हणून कपडे, केस, कातडी सगळे एकाच रंगात भिजलेले हवे. रंग केशरी धरा.

नाना: उभे तीन (समोरून, उजव्या बाजूने, मागून), बसलेले दोन (समोरून, पाऊण), चार हावभाव, हातोडा धरलेला एक हात. कल्हई: दोन्ही बाजूंनी एकेक आणि चार स्थिती. शिवाय तिघांचा एकत्र उंचीतक्ता, मापासाठी शेजारी पाणी तापवायचा बंब. आणि तिघांचे एक गटचित्र, जे प्रसिद्धीसाठी वापरू.

पार्श्वभूमी कुठेच नको. घाट, वाडे, गल्ल्या पानांचे चित्रकार स्वतः पाहून काढतील. सिंहस्थाच्या कामांमुळे नदीकाठ बदलतो आहे, आत्ता काढलेले उन्हाळ्यापर्यंत तसेच राहील असे नाही. तांबट लेनमधले हात, ऐरणी, बसायची पद्धत यांचे आम्ही काढलेले 40 फोटो आगाऊ रकमेसोबत पाठवू. ते केवळ संदर्भासाठी आहेत. त्यातल्या कुणाचाही चेहरा ओळखू येईल असा काढू नका.

फाइल आणि रंग

प्रत्येक तक्ता ए3 आडवा, 300 डीपीआय, म्हणजे 4961 × 3508 पिक्सेल. पीएसडी, `sRGB`. लेअर चारच: रेषा, सपाट रंग, सावली, उजेड. आयपॅडवर या मापात लेअरची मर्यादा लवकर गाठली जाते, म्हणून एका तक्त्यात सगळे कोंबू नका. मैनाचे दोन तक्ते केले तरी चालतील. रेषेचा लेअर स्वतंत्रच हवा. रंगासोबत एकजीव केला तर छपाईसाठी बदलताना काळी रेषा चार शाईंची बनते, आणि प्लेट केसभर सरकली की रेषेला रंगीत कड दिसते. वेगळी असली की ती फक्त काळ्या प्लेटवर टाकता येते.

आतली पाने 90 जीएसएम मॅपलिथोवर छापणार आहोत. हा कागद शाई पितो. पडद्यावर चकाकणारे तांबे त्यावर मातकट तपकिरी दिसते. धातूची शाई वापरणार नाही, त्यामुळे चकाकी रंगाने नव्हे, फरकाने दाखवायची: गडद भाग खरेच गडद, आणि उजेडाच्या जागी कागद कोरा सोडा. मठारल्याचे ठसे मऊ ब्रशने नको, कडा स्पष्ट असलेल्या लहान डागांनी. रंगांच्या टप्प्यावर आम्ही त्याच कागदावर डिजिटल प्रत काढून तुम्हाला पाठवू. अंतिम रंग पडद्यावर नाही, त्या प्रतीवर ठरवू.

नावे अशी: `maina_01_v02.psd`, `nana_01_v01.psd`. ‘फायनल’, ‘फायनल नवीन’ असे नाव नको. नवी आवृत्ती आली की आकडा वाढवा.

टप्पे आणि तारखा

16 नोव्हेंबर, सोमवार: काम सुरू.
23 नोव्हेंबर: कच्ची रेखाटने. मैनाचे तीन पर्याय, नानांचे दोन, कल्हईचा एक.
7 डिसेंबर: सर्व तक्त्यांच्या पक्क्या रेषा.
17 डिसेंबर: सपाट रंग.
28 डिसेंबर: अंतिम फाइली.

प्रत्येक टप्प्यावर आम्ही तीन कामाच्या दिवसांत उत्तर देऊ. रविवार धरायचा नाही. आमचे उत्तर जितके दिवस उशिरा, तितके दिवस तुमच्या पुढच्या सगळ्या तारखा पुढे. तुमच्याकडून उशीर होणार असेल तर तारखेच्या दोन दिवस आधी कळवा. 28 डिसेंबरची तारीख आमच्या चुकीशिवाय हुकली, तर चार दिवसांपर्यंत काही नाही, त्यापुढे दर दिवशी ₹500, कमाल ₹4,000 शेवटच्या हप्त्यातून वजा. आजारपण किंवा घरातली अडचण असेल तर ही वजावट नाही. एक निरोप पुरे, दाखला नको.

बदल

कच्च्या रेखाटनांवर दोन फेऱ्या, रेषांवर एक, रंगांवर एक. ‘फेरी’ म्हणजे आमच्या सगळ्या सूचना एकत्र केलेला एकच ईमेल. लेखिका आणि संपादक आपसात भांडून मगच तो पाठवतील. व्हॉट्सॲपवर सुचलेले ‘अजून एक छोटेसे’ तुम्ही मोजू नका आणि करूही नका. त्यापुढची प्रत्येक फेरी ₹1,200.

मंजूर झालेल्या टप्प्यात आम्ही मागे गेलो, समजा रंग झाल्यावर वेणीच्या जागी दोन शेंड्या मागितल्या, तर त्या पात्रासाठी ₹2,500 आणि तारखेत चार दिवसांची वाढ. उलट, या कागदात लिहिलेले चुकले असेल (कडे डाव्या हातात, कान फाटका नाही), तर ती दुरुस्ती आहे, फेरी नाही. ती विनामूल्य.

हक्क

चित्रांचा कॉपीराइट तुमच्याकडेच राहील. पैसे देऊन करवून घेतलेल्या काही चित्रांचा पहिला हक्क, वेगळे ठरले नसेल तर, करवून घेणाऱ्याकडे जातो असे कॉपीराइट कायदा, 1957 चे कलम 17 सांगते. इथे वेगळे ठरले आहे, म्हणून ते स्पष्ट लिहिले. पात्रांची नावे, स्वभाव आणि कथा लेखिकेच्या.

आम्हाला मिळतो तो अनन्य परवाना: मराठी छापील पुस्तक (भारतात), त्याचे ई-पुस्तक (जगभर), आणि याच पुस्तकाची प्रसिद्धी. मुदत अंतिम रक्कम मिळाल्यापासून 7 वर्षे. पानांच्या चित्रकाराला याच पुस्तकासाठी तुमच्या तक्त्यांवरून पात्रे पुन्हा काढता येतील. पहिली आवृत्ती 3,000 प्रतींची, ती मानधनात धरली आहे. पुढच्या प्रत्येक 2,000 प्रतींना ₹5,000. हिंदी किंवा इंग्रजी आवृत्ती, प्रत्येकी ₹6,000. टी-शर्ट, वह्या, खेळणी, ॲनिमेशन यात नाही. त्यासाठी नव्याने बोलू.

परवान्याचा वापर एका वर्षात केला नाही तर तो संपतो, अशी तरतूद कायद्यात आहे, वेगळी मुदत लिहिली नसेल तर. छपाई लांबू शकते, म्हणून इथे ती मुदत 31 डिसेंबर 2028 धरू. तोवर पुस्तक आले नाही तर सगळे हक्क आपोआप तुमच्याकडे परत, घेतलेले पैसे परत द्यायचे नाहीत.

तुमचे नाव आतल्या शीर्षकपानावर ‘पात्ररचना’ म्हणून, पानांच्या चित्रकाराच्या नावाइतक्याच अक्षरांत. पुस्तकाच्या 5 प्रती मिळतील. चित्रे स्वतःच्या कामाच्या नमुन्यांत पुस्तक आल्यावर, किंवा 30 जून 2027 नंतर, जे आधी येईल तेव्हापासून दाखवा.

मानधन

मैना ₹24,000, नाना ₹15,000, कल्हई ₹6,000, उंचीतक्ता आणि गटचित्र मिळून ₹9,000. एकूण ₹54,000.

आगाऊ ₹21,600, 13 नोव्हेंबरपर्यंत. ती आली नाही तर 16 ला काम सुरू करू नका. रेषा मंजूर झाल्यावर ₹16,200. अंतिम फाइली मिळाल्यावर ₹16,200. नंतरचे दोन्ही हप्ते तुमचे बिल आल्यापासून 7 दिवसांत, थेट बँक खात्यात. उशीर झाला तर दरमहा दीड टक्का व्याज आमच्याकडून. पूर्ण रक्कम पोचेपर्यंत परवाना लागू होत नाही, फाइली हातात असल्या तरी.

तुमची जीएसटी नोंदणी असेल तर कर वरून लावा. टीडीएस कायद्याने लागू असेल तेवढाच कापू आणि त्याचे प्रमाणपत्र देऊ. पहिल्या बिलावर पॅन आणि खात्याचा तपशील टाका.

काम आम्ही मध्येच थांबवले तर: रेषा हाती येण्याआधी थांबवल्यास आगाऊ रक्कम तुमची. रेषा आल्यावर थांबवल्यास दुसरा हप्ताही द्यायचा. रंग आल्यावर थांबवल्यास पूर्ण मानधन. पहिल्या दोन्ही बाबतीत चित्रे आम्ही वापरणार नाही. तुम्ही सोडल्यास मंजूर टप्प्यांचे पैसे ठेवा, उरलेले 15 दिवसांत परत करा.

सह्या

परवाना लेखी आणि सहीचा लागतो, नुसत्या ‘ओके’ने भागत नाही. दोन प्रती छापून, प्रत्येक पानावर सही करून 12 तारखेला संध्याकाळी आम्ही तुमच्याकडे येऊ. एक प्रत तुमची, एक आमची. त्याच वेळी मॅपलिथोचे चार कोरे कागद आणू, रंगाची चाचणी घरी करून पाहायला.

आपले,
लेखिका आणि संपादक, ‘तांब्याची मैना’