कोल्हापुरी कांदा-लसूण चटणी | घरीच करते, स्वतः विकते | मंगळवार पेठ, कोल्हापूर

नमस्कार. मी मंगळवार पेठेत राहते आणि 2018 पासनं घरातनं कांदा-लसूण चटणीचा व्यवसाय करते. बाहेरगावचे लोक याला मसाला म्हणतात, आमच्याकडं चटणीच. ब्रँडचं वेगळं नाव ठेवलेलं नाही, पाकिटावर माझं नाव आणि घरचा पत्ता असतो, कारण चटणी घेणाऱ्याला ती कुणाच्या हातची आहे हे कळायला पाहिजे असं मला मनापासून वाटतं. हे प्रोफाइल पण त्याचसाठी लिहिलंय. काय बनवते, कोण घेतं, धंदा किती वाढला हे सगळं इथं आहे आणि जे आकडे दिलेत ते माझ्या ऑर्डरच्या वहीतले आहेत.

आधी चटणीबद्दल, कारण मुख्य काम तेच. दोन प्रकार करते, मध्यम आणि जहाल. मध्यममध्ये ब्याडगी जास्त आणि संकेश्वरी कमी, साधारण साठ-चाळीस. ब्याडगीनं रंग येतो, तिखटपणा तिला बेताचाच, तिखट येतं ते संकेश्वरीतनं. जहालमध्ये ब्याडगी कमी करून लवंगी घालते, ती ज्यांना झेपते त्यांनीच घ्यावी, लहान मुलं असलेल्या घरात पहिल्यांदा घेणाऱ्यांना मी स्वतःच मध्यम घ्या म्हणून सांगते. मिरची लक्ष्मीपुरीतनं घेते, नवीन माल आला की. पोतं उघडून हातात घेऊन बघते, मिरची मोडल्यावर आतनं बी पिवळं पाहिजे, काळपट किंवा पांढरी बुरशी दिसली तर ते पोतं घेत नाही मग भाव कितीही कमी असो. घरी आणून गच्चीवर कडक उन्हात वाळवायची, देठ खुडायचे, आणि हे देठ खुडायचं काम सगळ्यात वेळखाऊ आहे, त्यासाठी सीझनला गल्लीतल्या दोन बायका माझ्याबरोबर असतात, त्यांना रोजानं पैसे देते, संध्याकाळच्या संध्याकाळी.

किलोभर मिरचीला एक किलो कांदा, पाव किलो लसूण, अर्धा किलो सुकं खोबरं, मग धने, जिरे, तीळ, खसखस, लवंग, दालचिनी, मिरी, वेलदोडे, तमालपत्र, दगडफूल, जायपत्री, नागकेशर, हळकुंड, हिंग, आलं, कोथिंबीर, मीठ. प्रमाण माझ्या सासूबाईंचं, त्यांच्याकडं ते त्यांच्या आईकडनं आलेलं. कांदा उभा चिरून आधी उन्हात सुकवते आणि मग तेलात चांगला लाल होईपर्यंत तळते, इथं घाई केली की चटणीत ओल राहते आणि ओल राहिली की दोन महिन्यात वास मारायला लागतो. बाकीचा प्रत्येक जिन्नस वेगवेगळा भाजते, एकत्र टाकलं की तीळ करपतात आणि धने कच्चेच राहतात. सगळं गार झालं की डंकावर. डंकावर मी स्वतः थांबते. आधीच्या कुणाची हळद किंवा दुसरी चटणी डंकात राहिलेली असली तर ती आपल्यात मिसळते म्हणून पहिला घाणा सकाळी लवकर धरते, डंक पुसून घेते, आणि पहिली मूठभर चटणी बाजूला काढून टाकते. घरी आल्यावर चाळून, पूर्ण गार करून मगच भरते. किलोभर मिरचीची साधारण दोन ते सव्वादोन किलो चटणी होते.

रंग घालत नाही. लोक विचारतात की खरंच घालत नाही हे कसं ओळखायचं, तर नुसतं बघून ओळखता येत नाही हे खरं आहे, तेलात रंग उतरला म्हणजे भेसळ असं काहीजण समजतात पण ब्याडगीचा स्वतःचा रंग पण तेलातच उतरतो, रश्श्याला कट येतो तो त्यामुळंच. म्हणून मी दर बॅचला मिरचीच्या पोत्याचे, वाळवणाचे आणि डंकावरचे फोटो या प्रोफाइलवर तारखेसकट टाकते, पाकिटावरचा बॅच नंबर बघितला की तुमची चटणी कुठल्या फोटोतली ते कळतं. सगळे फोटो माझ्या मोबाईलवर काढलेले आहेत, नेटवरनं उचललेला एकही नाही. गल्लीत कुणी यायचं म्हणालं तर सीझनला गच्चीवर येऊन वाळवण बघून जा, आनंदच आहे.

पाकिटावर वजन, जिन्नस, बनवल्याची तारीख, कधीपर्यंत वापरायची ती तारीख, हिरवा ठिपका हे सगळं असतं. एफएसएसएआयची नोंदणी आहे, तिचा 14 अंकी नंबर छापलेला असतो आणि तो foscos.fssai.gov.in वर टाकून तुम्ही तपासू शकता. उद्यम नोंदणी पण आहे. सेंद्रिय असं मी कुठंच लिहीत नाही कारण त्याचं प्रमाणपत्र माझ्याकडं नाही आणि मिरची पिकवताना शेतात काय मारलं ते मला ठाऊक नाही. पोटाला चांगली, इम्युनिटी वाढवते असलं पण काही लिहीत नाही, चटणी आहे, जेवणाला चव आणते, तेवढंच तिचं काम.

चटणीशिवाय शेंगदाण्याची आणि कारळ्याची चटणी करते, ती ऑर्डर आली की ताजी, साठवून ठेवत नाही. पापड, सांडगे, लोणची मी करत नाही, माझ्या बचत गटातल्या मैत्रिणी छान करतात, विचारलं तर त्यांच्याकडं पाठवते, मधे कमिशन घेत नाही.

आता गिऱ्हाईक. 2025 मध्ये 210 घरांनी माझी चटणी घेतली. त्यातली 90 कोल्हापुरातलीच, आणि मला सगळ्यात जास्त अभिमान याच नव्वद घरांचा आहे, कारण कोल्हापुरात ज्याच्या त्याच्या घरात चटणी कशी पाहिजे हे ठरलेलं असतं, इथली बाई दुसरीच्या हातची चटणी वर्षभरासाठी भरते म्हणजे तिनं ती चारदा चाखून, रस्सा करून बघून मगच भरलेली असते. ही घरं उन्हाळ्यात एकदम चार-पाच किलो नेतात. उरलेली 120 घरं बाहेरची, पुणे, मुंबई, बेंगळुरू, जास्त करून इथनं नोकरीला गेलेली पोरं, ती अर्धा किलो, किलो अशी मागवतात. 210 पैकी 150 घरं आदल्या वर्षीची पण आहेत. साठ नवीन. शिवाय राजारामपुरी भागातल्या दोन खानावळी महिन्याला प्रत्येकी पाच किलो घेतात, त्यांना भाव थोडा कमी लावते. गिऱ्हाइकांची नावं किंवा त्यांचे मेसेज मी विचारल्याशिवाय इथं टाकत नाही, ज्यांनी टाका म्हणून सांगितलं त्यांचेच स्क्रीनशॉट खाली आहेत आणि त्यात एक तक्रार पण आहे, पुण्याच्या एका ताईंना जहाल फार तिखट लागली, तिच्या बदल्यात त्यांना मध्यम पाठवली, आता त्या मध्यमच घेतात. तो स्क्रीनशॉट मी मुद्दाम ठेवलाय, तिखटाचा अंदाज नवीन माणसाला माझ्या सांगण्यापेक्षा त्यांच्या शब्दातनं जास्त बरोबर येतो.

धंदा कसा वाढला ते पण सांगते. पहिल्या वर्षी 35 किलो, सगळी ओळखीपाळखीत. 2020 ला लॉकडाऊनमध्ये ऐन सीझनला डंक बंद, त्यामुळं आदल्या वर्षीपेक्षा कमीच झालं, 90 किलो. 2021 ला 210 किलो, जुलैच्या महापुरात शिरोलीजवळ हायवेवर पाणी आलं तेव्हा बाहेरगावच्या ऑर्डरी घरातच अडकल्या, ज्यांना थांबायचं नव्हतं त्यांचे पैसे परत केले. 2022 ला 340 किलो. 2023 ला मिरचीचे भाव लई चढले, मी स्वस्त मिरची मिसळण्यापेक्षा चटणीचा भाव वाढवला, काही घरं तुटली, 320 वर आले. 2024 ला ब्याडगी खाली आली तसा मी पण भाव खाली आणला आणि तुटलेली बरीच घरं परत आली, 500 किलो. 2025 ला 640.

2025 ची एकूण विक्री सगळं धरून 4 लाख 60 हजार. ही विक्री आहे, नफा नव्हे. मिरची, मसाले, तेल, डंक, बायकांचा रोज, पाऊच, कुरिअर हे वजा जाता 1 लाख 30 हजाराच्या आसपास हातात राहिले. कुणी माझ्याकडं बघून असा धंदा सुरू करायचा विचार करत असेल तर तिला खरा आकडा कळावा म्हणून हे लिहिलंय, आणि हे पण लिहिते की त्यातला बहुतेक पैसा मार्च ते मे मध्ये येतो, पावसाळ्यात महिना महिना खानावळींचीच ऑर्डर असते. सुरुवातीला बचत गटाकडनं 50 हजार कर्ज घेतलेलं, ते फिटलंय. आज धंद्यावर कर्ज नाही.

पुढं काय, तर घरची जागा बघता 800 किलोच्या वर मला जायचं नाही. त्याच्या वर गेलं की डंकावर दुसऱ्या कुणाला उभं करावं लागेल आणि तळणीला मी नसेन. दुकानात ठेवायला द्या म्हणून दोन-तीन ठिकाणांहून विचारणा झाली, तिथं चटणी किती दिवस पडून राहील हे माझ्या हातात नाही म्हणून सध्या नाही म्हणते. घरगुती मेससाठी महिन्याला पाच किलोपर्यंत पाहिजे असेल तर अजून एक गिऱ्हाईक घेऊ शकते.

घेणाऱ्यांसाठी थोडं. सध्याचा भाव 640 रुपये किलो, अर्धा किलो 330, कुरिअरचा खर्च जो बसेल तो वेगळा. नवीन माणसानं आधी अर्धा किलोच घ्यावी. बाहेरगावी डबल पाऊचमध्ये पाठवते, वाटेत फुटलं तर फोटो पाठवा, दुसरं पाकीट माझ्या खर्चानं. घरी आल्यावर कोरड्या काचेच्या बरणीत दाबून भरा, वर हिंगाचे दोन-तीन खडे ठेवा, आणि ओला चमचा अजिबात घालू नका.

ऑर्डर याच प्रोफाइलवर मेसेज करून. दुपारी दोन ते चार आणि रात्री आठनंतर उत्तर देते, दिवसा हात चटणीचे असतात. या सीझनची जहाल संपलीय, मध्यम साधारण चाळीस किलो शिल्लक आहे. नव्या मिरचीची चटणी मार्चपासनं, वर्षाची भरायची असेल तर जानेवारीत नोंदवून ठेवा, ॲडव्हान्स नको, भाव मिरची घेतल्यावर सांगेन आणि तो ऐकून नको वाटली तर तसं कळवलं तरी चालेल.