४४ टक्के, पण किती वेळ?

(राष्ट्रीय विज्ञान दिन, २८ फेब्रुवारी. मुंबईतील एका कनिष्ठ महाविद्यालयात अकरावी विज्ञानच्या विद्यार्थ्यांसमोर गणिताच्या शिक्षिकेने केलेले भाषण)

आदरणीय प्राचार्य सर, सहकारी शिक्षक आणि माझ्या विद्यार्थी मित्रमैत्रिणींनो,

बारावीची मुलं बोर्डाच्या परीक्षेत गुंतली आहेत, त्यामुळे आजचा विज्ञान दिन पूर्ण तुमचा. १९२८ साली याच तारखेला सी. व्ही. रामन यांनी आपला शोध लावला. तासाला आपण नुकताच डिफरन्सिएशनचा धडा संपवलाय आणि तेव्हापासून एक प्रश्न मला रोज कोणीतरी विचारतं : "मॅडम, हे डेरिव्हेटिव्ह कुठे वापरायचं?" आज त्याचं उत्तर देते. फळ्यावर चौकट आखून नाही, तुमच्या खिशातून.

सगळ्यांनी मनात आपला मोबाईल आणा. मनातच, बाहेर काढू नका! माझ्या फोनची गेल्या रविवारची नोंद सांगते. सकाळी १० वाजता ८० टक्के, ११ ला ७४, १२ ला ६८. म्हणजे तासाला ६ टक्के. १२ नंतर भाचीच्या बारशाचं शूटिंग सुरू झालं आणि १ वाजता फोनवर ४४ टक्के होते. त्या एका तासात २४ गेले.

आता १ वाजता कोणी विचारलं, फोन किती वेळ चालेल? सकाळचा वेग धरला तर ४४ भागिले ६, सात तास वीस मिनिटं. शूटिंगचा वेग धरला तर ४४ भागिले २४, एक तास पन्नास मिनिटं. आकडा तोच, ४४. उत्तरं दोन, आणि दोन्हींमध्ये साडेपाच तासांचं अंतर. किती उरलंय एवढंच कळून भागत नाही. या घडीला ते किती वेगाने सरतंय, हेही कळायला हवं. हा दुसरा प्रश्न म्हणजेच डेरिव्हेटिव्ह.

बरं, १२ ते १ मध्ये तरी वेग सारखा होता का? तासाला २४ म्हणजे मिनिटाला ०.४ टक्के, पण ही झाली सरासरी. १२.४० ते १२.५० या दहा मिनिटांत ७ टक्के गेले, म्हणजे मिनिटाला ०.७. तेव्हा पाळण्याची गाणी चालू होती आणि कॅमेरा एकदाही बंद केला नव्हता. कालावधी लहान करत गेलो की त्या क्षणाच्या वेगाजवळ पोचतो. वर्गात आपण h शून्याकडे नेतो ना, तेच हे :

f′(t) = lim (h→0) [f(t+h) − f(t)] / h

इथे एक अडचण येते आणि ती मला फार आवडते. फोन फक्त पूर्ण टक्के दाखवतो. तुम्ही कालावधी दहा सेकंदांवर आणला, तर फरक बहुतेक वेळा शून्य येईल, मग अचानक १ येईल. मोजमापाला मर्यादा असते, लिमिटला नसते. म्हणून प्रयोग करणाऱ्याला कालावधी नेमका किती लहान घ्यायचा हे ठरवावं लागतं. फार मोठा घेतला तर सरासरीत सगळं लपतं, फार लहान घेतला तर आकडे उड्या मारतात. गणित आणि विज्ञान इथे एकमेकांना भेटतात.

चार्जिंगचंही पाहा. फोन ८० टक्क्यांपर्यंत भराभर चढतो आणि पुढे रेंगाळतो. चार्जर बिघडलेला नसतो. सेलचा व्होल्टेज ठरलेल्या मर्यादेला पोचला की करंट हळूहळू कमी केला जातो. बॅटरी वाढतेच आहे, म्हणून पहिला डेरिव्हेटिव्ह धन. पण वाढीचा वेग घटतोय, म्हणून दुसरा डेरिव्हेटिव्ह ऋण. महागाईच्या बातम्यांतही हाच घोळ होतो. "महागाईचा दर उतरला" म्हणजे डाळ स्वस्त झाली असं नव्हे. डाळ महागच होतेय, फक्त पूर्वीपेक्षा सावकाश.

आता टॅक्सीत बसू. आपल्या काळ्या-पिवळ्या टॅक्सीचं भाडं १ फेब्रुवारी २०२५ पासून असं आहे : पहिल्या दीड किलोमीटरला ३१ रुपये, पुढे किलोमीटरला २० रुपये ६६ पैसे. आडव्या अक्षावर अंतर घ्या, उभ्यावर भाडं. दीड किलोमीटरपर्यंत आलेख सपाट. पाऊण किलोमीटर गेलात तरी ३१. म्हणजे तुम्हाला सरासरी किलोमीटरमागे ४१ रुपयांहून जास्त पडले, पण डेरिव्हेटिव्ह शून्य, कारण आणखी शंभर मीटर गेलात तरी एक पैसा वाढणार नाही. आजीला दाराशी सोडायचं की कोपऱ्यावर, हे ठरवताना सरासरी कामाची नाही, डेरिव्हेटिव्ह कामाचा.

दीडच्या पुढे तिरपी रेषा, चढ २०.६६. आणि बरोबर दीडवर? डावीकडून चढ शून्य, उजवीकडून २०.६६. दोन्ही जुळत नाहीत, म्हणून तिथे डेरिव्हेटिव्ह नाही. फंक्शन सलग आहे, पण डिफरन्सिएबल नाही. परीक्षेत यासाठी तुम्ही |x| लिहिता. यापुढे टॅक्सीचं भाडंही लिहा. खरा मीटर पायऱ्यापायऱ्यांनी पुढे सरकतो हे मला माहीत आहे. तो आलेख घरी काढा, त्यात किती ठिकाणी डेरिव्हेटिव्ह नाही ते शोधा. मध्यरात्रीनंतर पहाटे ५ पर्यंत सव्वापट भाडं लागतं, तेव्हा चढही सव्वापट होतो, २५ रुपये ८२ पैशांच्या आसपास.

तुमच्यातले बरेच जण लोकलने येता. गाडी एकसारख्या वेगाने धावत असते तेव्हा वेग कितीही असो, आपण निवांत उभे असतो. ब्रेक लागला की हात हँडलकडे जातो. शरीराला वेग जाणवत नाही, वेगातला बदल जाणवतो. आणि गाडी थांबते त्या क्षणी उलटा हिसका बसतो, तो ब्रेकचा जोर एकदम शून्य झाल्याचा. तो आहे अंतराचा तिसरा डेरिव्हेटिव्ह. कसलेला मोटरमन थांबण्याआधी ब्रेक अलगद सैल करतो आणि तुमचा हिसका वाचवतो.

न्यूटन आणि लाइब्निट्झ यांची नावं तुम्हाला माहीत आहेत. भास्कराचार्यांचं नाव मात्र मी आज आवर्जून घेणार आहे. ११५० सालच्या 'सिद्धान्तशिरोमणी'त त्यांनी 'तात्कालिक गती' मांडली. चंद्राची गती मोठी, आणि ती क्षणोक्षणी बदलते. त्यामुळे आख्ख्या दिवसाची सरासरी धरून चालत नाही, त्या वेळची गती काढावी लागते, असा त्यांचा विचार. त्यासाठी ज्येतला फरक कोज्येच्या प्रमाणात असतो, हे त्यांनी वापरलं. तुम्ही आज लिहिता ते sin x चं डेरिव्हेटिव्ह cos x, ते हेच. लिमिटची आजची काटेकोर व्याख्या त्यांच्याकडे नव्हती. पण सरासरी कुठे अपुरी पडते, हे त्यांनी नेमकं ओळखलं होतं. त्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठाला दिलेल्या दानाचा शिलालेख चाळीसगावजवळच्या पाटण इथे आहे. उन्हाळ्याच्या सुट्टीत कोणी खानदेशात जाणार असेल, तर जरूर पाहून या.

आता काम. प्रयोगशाळेबाहेर मोठा आलेख-कागद लावलाय. आजपासून सोमवारपर्यंत दर अर्ध्या तासाला आपल्या बॅटरीचे टक्के वहीत टिपा, अर्थात तासाच्या वेळा सोडून. शेजारी तेव्हा काय चालू होतं तेही लिहा : गाणी, व्हिडिओ, लोकल, झोप. सोमवारी प्रत्येकाने आपल्या आलेखातला सर्वांत तीव्र उतार शोधायचा, तिथे पट्टी ठेवून स्पर्शिका काढायची आणि तिचा चढ टक्के प्रति तास असा लिहायचा. चिन्ह ऋण येईल, ते विसरू नका. पट्टी आणि पेन्सिल मी घेऊन येते, वही तुमची.