परिपत्रक : वर्गसोबत्यांच्या फोटोत केस, कपडे वा रंग बदलण्याबाबत

इंदूर, ९ डिसेंबर २०२५
इयत्ता सहावी ते दहावीचे विद्यार्थी आणि पालक यांच्यासाठी

मांडूच्या सहलीचे फोटो वर्गांच्या ग्रुपवर टाकले, त्याला दोन आठवडे झाले. तेवढ्यात जहाज महालासमोरच्या एका फोटोतल्या मुलाचं कोणी टक्कल केलं, एकाला साडी नेसवली आणि एका मुलीला गोरं करून पुन्हा ग्रुपवर टाकलं. ती मुलगी तीन दिवस शाळेत आली नाही.

विचारलं तर उत्तर मिळालं, "मॅडम, तिला तर छानच केलं होतं." हे उत्तर आम्हाला टकलापेक्षा जास्त लागलं. गोरं केलं म्हणजे छान केलं, याचा अर्थ ती आहे तशी छान नाही, असं तिला सगळ्या वर्गादेखत सांगितलं. केसांचंही तेच. कुणाचे केस आजारपणात गळलेले असतात, कुणी घरच्या दुःखात मुंडण केलेलं असतं; ते सगळ्यांना सांगत फिरत नाहीत. रंगपंचमीच्या गेरमध्ये राजवाड्यावर आपण सगळेच रंगतो, पण तिथे आपण आपल्या पायांनी गेलेले असतो.

म्हणून यापुढे सोबत्याच्या फोटोत केस, कपडे, त्वचा किंवा अंगाची ठेवण बदलू नये. अ‍ॅपने नाही, फिल्टरने नाही, स्टिकर करूनही नाही. फोटो घरच्या मोबाइलवर बदलला तरी नियम हाच. अंधारलेला फोटो उजळणं, कडा कापणं याला हरकत नाही. स्वतःच्या फोटोचं काय करायचं ते तुमचं तुम्ही ठरवा.

पहिल्यांदा असं घडलं तर वर्गशिक्षकांसमोर फोटो काढून टाकावा लागेल आणि पालकांना बोलावलं जाईल. माफी मागायची ती ज्याचा फोटो आहे त्याला चालेल तेव्हा आणि तशी. प्रार्थनेच्या वेळी सगळ्यांसमोर उभं करणं आम्ही मुद्दाम टाळतो आहोत. दुसऱ्यांदा घडलं तर स्नेहसंमेलन आणि पुढची सहल बंद. फोटो पुढे पाठवणाऱ्यालाही हेच लागू.

कपडे काढल्यासारखा किंवा अश्लील फोटो केला, तर शाळेच्या हातात काही राहत नाही. २०१२च्या पोक्सो कायद्याखाली मुलांचा फोटो बदलून बनवलेलं असं चित्रही येतं, आणि अशी गोष्ट कळल्यावर पोलिसांना कळवणं आम्हाला बंधनकारक आहे. करणारा अठराच्या आतला असेल तर प्रकरण किशोर न्याय मंडळापुढे जातं. असा फोटो तुमच्याकडे आला, तर पुरावा म्हणूनही कुणाला पाठवू नका. मोबाइल घेऊन पालकांसोबत थेट माझ्याकडे या. शाळेत बोलायला अवघड वाटलं तर १०९८ या चाइल्ड हेल्पलाइनवर फोन करा.

पालकांनी वाचून डायरीत सही करावी. वर्गशिक्षक शुक्रवारी, १२ डिसेंबरला डायऱ्या तपासतील.

मुख्याध्यापिका