डेरिव्हेटिव्ह म्हणजे काय: नियम शिकण्याआधी गाडीचा काटा बघा

फर्स्ट इयरवाल्यांनो, बारावीत nxⁿ⁻¹ पाठ करून आलाय ते माहीत आहे मला, पण आजच्या तासापुरतं ते बाजूला ठेवा. कारण नियम येतो आणि आकडा कशाचा आहे ते सांगता येत नाही, अशी मुलं दरवर्षी भेटतात आणि मला त्याचं खरंच वाईट वाटतं.

पणजीहून मडगावला निघालात. अंतर साधारण ३३ किलोमीटर, वेळ लागला ५५ मिनिटं, म्हणजे सरासरी वेग ताशी ३६. आता सांगा, पूर्ण वाटभर काटा ३६ वर होता का? अजिबात नाही, जुवारीच्या नव्या पुलावर तो ७० च्या आसपास असेल, मडगावात शिरताना ट्रॅफिकमध्ये शून्यावर. सरासरी पूर्ण प्रवासाबद्दल बोलते, काटा मात्र आत्ताबद्दल बोलतो, आणि हा "आत्ताचा" आकडा अंतराच्या तक्त्यातून कसा काढायचा एवढाच आजचा प्रश्न आहे.

वेर्ण्याच्या सरळ रस्त्यावर गाडी थांबलेली आहे, तिथून सुटली. दर सेकंदाला, सुटल्यापासून एकूण किती मीटर गेली ते लिहिलं (आकडे हिशोबाला सोपे पडावेत असे घेतलेत):

सेकंद: ० १ २ ३ ४ ५ ६
मीटर: ० १ ४ ९ १६ २५ ३६

पाचव्या सेकंदाला काटा किती दाखवत असेल? तक्त्यात वेग कुठेच लिहिलेला नाही, फक्त अंतर आहे. मग जे येतं ते करू. ५ ते ६ मध्ये गाडी ११ मीटर गेली, म्हणजे सेकंदाला ११ मीटर. पण हा जास्त आहे, कारण त्या सेकंदभरात गाडी वेग वाढवतच होती. ४ ते ५ मध्ये ९ मीटर, हा कमी. म्हणजे उत्तर ९ आणि ११ च्या मधे कुठेतरी आहे, एवढं तरी कळलं, आणि हे कळणं छोटं नाहीये.

आता वेळेचा तुकडा लहान करा. तक्ता s = t² प्रमाणे चाललाय, त्यामुळे मधले आकडे काढता येतात. ५.१ सेकंदाला २६.०१ मीटर, म्हणजे ०.१ सेकंदात १.०१ मीटर, वेग १०.१. मागच्या बाजूने ४.९ ला २४.०१, वेग ९.९. अजून लहान, ५.०१ ला २५.१००१, वेग १०.०१, आणि मागून ९.९९. दोन्ही बाजूंनी आकडे १० कडे सरकतायत, आणि तुकडा जेवढा लहान कराल तेवढे १० च्या जवळ जातात. हा १० म्हणजेच पाचव्या सेकंदाचा डेरिव्हेटिव्ह. सेकंदाला १० मीटर म्हणजे ताशी ३६, काटा तिथे असणार. वरच्या प्रवासाची सरासरीही ३६ च होती, पण ती ५५ मिनिटांची गोष्ट, ही एका क्षणाची, दोन्ही एक समजू नका.

इथे कोणीतरी विचारतंच की सर, मग तुकडा सरळ शून्यच का नाही घेत. घेऊन बघा, शून्य सेकंदात शून्य मीटर, ०/०, त्यातून काहीच हाती लागत नाही. एका फोटोवरून गाडी पळतेय की उभी आहे ते सांगता येत नाही, तसंच आहे हे. म्हणून शून्य टाकायचं नाही, शून्याकडे जाताना उत्तर कुठे जातंय ते बघायचं. लिमिट म्हणतात ते हेच, घाबरण्यासारखं काही नाही.

आजकालच्या गाडीतला स्पीडोमीटरसुद्धा शून्य वेळ वापरत नाही. चाकाजवळचा सेन्सर चाक फिरेल तसे पल्स पाठवतो, आणि ते किती वेळात किती आले यावरून वेग काढला जातो, म्हणजे काटा दाखवतो तीही खरं तर अगदी छोट्या तुकड्याची सरासरीच.

एक फरक मात्र लक्षात ठेवा. गाडी रिव्हर्समध्ये घातली की पणजीपासूनचं अंतर कमी होत जातं, मग डेरिव्हेटिव्ह मायनस येतो, पण काटा मायनस दाखवत नाही. काटा फक्त किती जोरात ते सांगतो, डेरिव्हेटिव्ह कुठल्या दिशेने तेही सांगतो. आणि हे फक्त गाडीचं नाही, मांडवीच्या भरतीचं पाणी तासाला किती चढतं तेही असंच निघतं, भरती पूर्ण होते त्या क्षणी तो दर शून्य असतो, पाणी सगळ्यात उंच असूनही.

पुढच्या तासाला येताना याच तक्त्यावरून २, ३ आणि ४ सेकंदाचा वेग काढून आणा, दोन्ही बाजूंनी, निदान ०.०१ पर्यंत, कॅल्क्युलेटर चालेल. मग वेगाचे आकडे वेळेसमोर ओळीने लिहा आणि त्यांचं आपसात काय नातं दिसतं ते स्वतःच्या शब्दांत एका ओळीत लिहा. पाठ केलेला नियम वापरून आलेलं उत्तर मी तपासणार नाही, भागाकार वहीत दिसला पाहिजे.